सासूबाईंचा हयातीचा दाखला



दिवाळी झाली, निर्वाण लाडू चढवून झाला, आणि आता कार्तिकातली अष्टाह्निका आली. आपल्या मंडळातल्या किती तरी घरांत याच दिवसांत एक दुसरं व्रतही पाळलं जातं, ते म्हणजे बँकेत हयातीचा दाखला देण्याचं! गेल्या दोन-तीन वर्षांत सांगली, इचलकरंजी, बारामती, सोलापूरकडचे सासू-सासरे मुलांकडे पुण्याला राहायला आले आणि खाती मात्र गावच्या शाखेतच राहिली, अशी घरं आपल्यात वाढली आहेत. मला दर नोव्हेंबरला फोन येतात, "तुमच्या सासूबाईंचं कसं केलंत हो?" म्हणून या वेळी सगळं एकदाच नीट लिहून काढते.

आमचे मामंजी पोस्ट खात्यातून निवृत्त झाले. ते गेल्यावर सासूबाईंना कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं. ते सांगलीतल्या एका सरकारी बँकेच्या शाखेत जमा होतं. मामंजींच्या वर्षश्राद्धासारखे विधी आपल्याकडे नसतात, पण त्यांच्या नावाने दर महिन्याला त्या पेन्शनमधून थोडी रक्कम आहारदानासाठी आणि थोडी बस्तीच्या पाठशाळेसाठी बाजूला काढायची, असा नियम सासूबाईंनी स्वतः घेतला. तो पैसा त्यांच्या हातून, त्यांच्या खात्यातूनच जायला हवा. मुलाने दिलेला चालत नाही. त्या म्हणतात, "दान म्हणजे आपलं असलेलं सोडणं. दुसऱ्याचं कसं सोडायचं?" त्यामुळे आमच्या घरात पेन्शन थांबली तर फक्त पैसे थांबत नाहीत, सासूबाईंचा नियम मोडतो. हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

आधी मूळ हिशेब सांगते. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांनी दर वर्षी 1 ते 30 नोव्हेंबर या काळात हयातीचा दाखला द्यायचा असतो. ज्यांचं वय 80 किंवा त्याहून जास्त आहे, त्यांना 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो, म्हणजे त्यांना नोव्हेंबरच्या गर्दीत उभं राहायची गरज नाही. केंद्राची पेन्शन महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी जमा होते. फक्त मार्चची एप्रिलच्या पहिल्या कामाच्या दिवशी येते. दाखला पोहोचला नाही तरी नोव्हेंबरअखेर पैसे येतात, त्यामुळे सगळे निर्धास्त होतात. थांबते ती डिसेंबरची पेन्शन, आणि ते कळतं डिसेंबर संपताना. मधला पूर्ण महिना हातात असतो, तो तपासण्यासाठी वापरायचा.

आता पहिल्या वर्षाची गोष्ट. सासूबाई ऑगस्टमध्ये पुण्याला आल्या. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी त्यांना घेऊन आमच्या घराजवळच्या, त्याच बँकेच्या शाखेत गेले. त्यांचं एकासन होतं, म्हणून जेवण आटोपून दुपारी निघालो, सोबत उकळलेल्या पाण्याची बाटली. खिडकीवरच्या मुलाने पासबुक उलटून पाहिलं आणि म्हणाला, "खातं सांगलीचं आहे. तिकडेच द्यावं लागेल, आजी."

सासूबाई लगेच उठायला लागल्या. सांगली म्हणजे बसने पाच-सहा तास. मी त्यांना बसवलं आणि आत अधिकाऱ्यांकडे गेले. इथे जे माहीत असायला हवं ते असं. पेन्शन आता शाखेतून काढलीच जात नाही. बँकांनी पेन्शनचं काम एका मध्यवर्ती केंद्रात आणलं आहे. पेन्शनचा आदेश, ज्याला पीपीओ म्हणतात, त्याची नोंद त्या केंद्रात असते आणि दरमहा पैसे तिथूनच खात्यात पडतात. शाखेचं काम फक्त माणूस समोर पाहून संगणकात नोंद करण्याचं. म्हणून पेन्शन देणाऱ्या त्याच बँकेच्या कोणत्याही शाखेत दाखला देता येतो, आणि ज्या शाखेने तो घेतला तिनेच तो संगणकात चढवायचा, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. कागदी दाखला घेतल्यावर सही-शिक्क्याची पोच द्यायची, हेही त्याच सूचनांत आहे.

हे मी शांतपणे सांगितलं. भांडण नाही. अधिकाऱ्यांनी अर्ज घेतला, सासूबाईंची सही समोर करून घेतली, पीपीओची आणि आधारची प्रत पाहिली. पोच मागितल्यावर जरा कपाळाला आठी पडली, पण अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही आणि शिक्का मिळाला. तो कागद मी देवघराच्या कपाटात, सासूबाईंच्या जपमाळेच्या डब्याखाली ठेवला.

डिसेंबर संपला. सासूबाईंनी मला काही विचारलं नाही. चार-पाच दिवसांनी सहज पाहिलं तर त्यांनी पाठशाळेचं पाकीट तयार करून ठेवलेलं, पण रिकामं. पासबुक भरून आणलं तेव्हा कळलं, पेन्शन आलेलीच नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "कुणाला बोलू नकोस. येईल." मुलाकडे मागायचं त्यांच्या मनातही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोच घेऊन शाखेत गेले. अधिकाऱ्यांनी संगणकात पाहिलं. दाखला घेतला होता, कागद शाखेत होता, पण नोंद करायची राहिली होती. शिक्क्यावरची तारीख समोर असल्याने पुढे काही बोलायला जागाच नव्हती. त्याच वेळी नोंद झाली, सासूबाईंना पुन्हा यावं लागलं नाही, आणि डिसेंबरची थकलेली रक्कम जानेवारीच्या पेन्शनसोबत जमा झाली. पोच नसती तर आम्ही दाखला दिलाच नाही, असंच धरलं गेलं असतं. सख्यांनो, तेव्हापासून माझा नियम आहे. पोच घ्यायची, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शाखेत जाऊन किंवा फोन करून एकच प्रश्न विचारायचा, "या खात्यावर हयातीची नोंद दिसते का? कोणत्या तारखेची?" "दिलाय ना तुम्ही, मग झालं" या उत्तरावर थांबायचं नाही, तारीख ऐकूनच फोन ठेवायचा.

थांबलेल्या पेन्शनबद्दल एक गोष्ट सांगते, कारण वयस्कर माणसं फार घाबरतात. दाखला उशिरा दिला तरी पेन्शन बुडत नाही. नोंद झाली की पेन्शन पुन्हा सुरू होते आणि मधल्या महिन्यांची थकबाकीही मिळते.

दुसऱ्या वर्षी सासूबाईंच्या गुडघ्याने त्रास दिला, म्हणून आम्ही डिजिटल मार्ग धरला. याला ‘जीवन प्रमाण’ म्हणतात, 2014 च्या नोव्हेंबरमध्ये तो सुरू झाला. आधार आणि बोटाचे ठसे किंवा चेहरा यावरून माणूस हयात असल्याची खात्री होते आणि दाखला थेट पेन्शन देणाऱ्या कार्यालयाकडे जातो. हे नाव ऐकून सासूबाई हसल्या. म्हणाल्या, "शास्त्रात जीवाचं लक्षण उपयोग, जाणणं आणि पाहणं. आणि सरकारात अंगठा!"

पण तो अंगठाच उठेना. कोपऱ्यावरच्या सेवा केंद्रात गेलो तर यंत्र एकेक बोट नाकारत गेलं. वयाने कातडी कोरडी आणि गुळगुळीत होते, त्यात यांनी आयुष्यभर सहाणेवर चंदन उगाळलेलं आणि जात्यावर दळलेलं. केंद्रातल्या मुलाने हात कोमट पाण्याने धुऊन, पुसून, किंचित तेल लावून पुन्हा पुसायला सांगितलं. मग उजव्या हाताची मधली तीन बोटं सोडून डाव्या हाताचं एक बोट लागलं. म्हणून ठसा उठत नसेल तर अंगठ्यावरच अडून बसू नका, दहाही बोटं करून पाहा.

दाखला तयार झाला, सासूबाईंच्या मोबाईलवर संदेश आला, त्यात ‘प्रमाण आयडी’ होता. बहुतेक जण इथे काम संपलं असं समजतात. पण तो संदेश सांगतो तो फक्त दाखला तयार झाल्याचा. तो स्वीकारायचा की नाही, हे पेन्शन देणारी बँक ठरवते, आणि ती माणूस पाहत नाही, आकडे जुळवते. पीपीओ क्रमांक, खाते क्रमांक, पेन्शनचा प्रकार आणि पेन्शन देणारी बँक यातलं एक जरी चुकलं तरी दाखला नाकारला जातो.

आमचा नाकारला गेला. मागच्या वर्षीच्या अनुभवामुळे दहा दिवसांनी मी शाखेत विचारलं, तर नोंद नव्हती. सेवा केंद्रातून दाखल्याची छापील प्रत आणून पासबुकाशेजारी ठेवली आणि एकेक आकडा बोटाने जुळवत गेले. पासबुकाच्या पहिल्या पानावर दोन लांब क्रमांक असतात, एक ग्राहक क्रमांक आणि एक खाते क्रमांक. अनेक पासबुकांवर ते एकाखाली एक छापलेले असतात. केंद्रातल्या मुलाने घाईत वरचा, म्हणजे ग्राहक क्रमांक, खात्याच्या जागी टाकला होता. बाकी सगळं बरोबर. दिसायला एवढीशी गोष्ट, पण त्या आकड्याचं पेन्शनचं खातं बँकेला सापडणारच नाही.

नाकारलेला दाखला दुरुस्त होत नाही. नवा काढावा लागतो, आणि त्याला नवा प्रमाण आयडी मिळतो. नोव्हेंबर अजून उरलेला होता, म्हणून घाई नव्हती. या वेळी मी घरीच करायचं ठरवलं. चेहरा पाहून दाखला देण्याची सोय 2021 पासून आहे आणि ती साध्या अँड्रॉइड फोनवर चालते. ठशाचं यंत्र लागत नाही. त्यासाठी पैसेही पडत नाहीत.

कसं केलं ते सांगते. फोनमध्ये दोन ॲप घ्यावी लागतात, `AadhaarFaceRD` आणि `Jeevan Pramaan`. पहिलं उघडावं लागत नाही, ते चेहरा ओळखायचं काम आतून करतं. दुसऱ्यात आधी ज्याचा फोन आहे, म्हणजे माझी, नोंद झाली. माझा आधार, मोबाईल, ईमेल, त्यावर आलेले आकडे आणि मग माझा चेहरा. हे एकदाच. त्यानंतर सासूबाईंची माहिती भरली. पेन्शनच्या प्रकारात `Service` आणि `Family` असे दोन पर्याय येतात. सासूबाईंसारख्यांनी `Family` निवडायचं, कारण पेन्शन मामंजींच्या नोकरीची असली तरी मिळते ती कुटुंब म्हणून. पुढे पुनर्विवाह झाला का, पुन्हा नोकरी लागली का, असे प्रश्न येतात. ते मी वाचून दाखवले तर अठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई पदराआड हसल्या. पण तिथे चुकून ‘हो’वर बोट पडलं तर हसण्यावारी जाणार नाही, म्हणून पुढे जाण्याआधी ते दोन्ही पुन्हा पाहा.

पीपीओ क्रमांक केंद्राच्या मुलकी पेन्शनमध्ये 12 आकडी असतो. तो मूळ आदेशाच्या कागदावरून घ्या, आठवणीने किंवा जुन्या चिठ्ठीवरून नको. आमच्याकडे मी आकडे चार-चारच्या तुकड्यांत मोठ्याने वाचले आणि माझ्या मुलीने पडद्यावर तपासले. खाते क्रमांकाचंही तसंच.

मग चेहरा. पहिल्या दोन वेळा जमलं नाही. सासूबाई खिडकीकडे पाठ करून बसल्या होत्या, चेहऱ्यावर सावली होती. खुर्ची फिरवून उजेड समोरून घेतला, चष्मा काढला, डोक्यावरचा पदर थोडा मागे सारला, मागे साधी भिंत ठेवली. पडद्यावरच्या वर्तुळात चेहरा बसला की डोळ्यांची उघडझाप करायला सांगतं. त्याने समोर फोटो नसून जिवंत माणूस आहे हे कळतं. तिसऱ्या वेळी झालं. चार-पाच दिवसांनी शाखेत विचारलं, नोंद होती. डिसेंबरची पेन्शन वेळेवर आली आणि पाठशाळेचं पाकीट भरलं.

फोन हाताळणारं घरात कोणी नसेल, तर पोस्टमनला घरी बोलावता येतं. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेची ही सोय 2020 पासून आहे, शुल्क 70 रुपये. पोस्टमन यंत्र घेऊन येतो आणि घरीच दाखला काढून देतो. तुमचं खातं कोणत्याही बँकेत असलं तरी चालतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी बँकेचा अधिकारी घरी किंवा इस्पितळात येऊन दाखला घेतो, तशी सूचनाच आहे. फक्त शाखेत लेखी अर्ज द्यावा, तोंडी निरोप विसरला जातो.

आता एक प्रश्न राहतो, जो मला सर्वांत जास्त विचारला जातो. खातं पुण्याला आणायचं की सांगलीलाच राहू द्यायचं? दाखल्यासाठी आणायची गरज नाही, हे वर कळलंच. आम्ही तरी आणलं, आणि त्याचं कारण मोबाईल. सांगलीच्या खात्याला मामंजींचा जुना नंबर जोडलेला होता. ते गेल्यावर तो बंद केला. त्यामुळे पेन्शन आली की नाही याचा संदेश कोणालाच येत नव्हता. पहिल्या वर्षी चार-पाच दिवस काही कळलं नाही ते त्यामुळेच. तेव्हा खातं हलवा अथवा न हलवा, पण नवा मोबाईल नंबर आणि नवा पत्ता आधी नोंदवा.

खातं हलवायला अर्ज, पासबुक, आधार आणि पीपीओची प्रत एवढं लागलं. हलवण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या. एक, खाते क्रमांक तोच राहणार का? बहुतेक बँकांत त्याच बँकेतल्या दुसऱ्या शाखेत खातं नेलं तर क्रमांक बदलत नाही, आमचाही नाही बदलला. पण बदलणार असेल तर पेन्शन केंद्रात नवा क्रमांक गेला का, ते पहिली पेन्शन येईपर्यंत पाहत राहायला हवं. आणि दुसरं, हे काम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काढू नका. दाखला आणि बदली एकत्र आली की कशामुळे काय अडलं हे शोधणं अवघड होतं. आम्ही फाल्गुनात केलं, निवांतपणे झालं.

हे सगळं केंद्राच्या पेन्शनचं. आपल्यात शिक्षक आणि महसूल खात्यातले, म्हणजे राज्य सरकारचे निवृत्त पुष्कळ आहेत. त्यांची पेन्शन जिल्ह्याच्या कोषागारातून निघते. कोषागार बँकेच्या शाखेकडे नावांची यादी पाठवतं आणि नोव्हेंबरमध्ये त्या यादीत आपल्या नावासमोर सही करायची असते. म्हणजे तिथे जुन्या शाखेला महत्त्व आहे. कायमचं पुण्याला आला असाल तर फक्त बँकेत खातं बदलून भागत नाही, पेन्शन पुणे कोषागाराकडे वर्ग करण्याचा अर्ज जुन्या कोषागारात द्यावा लागतो. आणि कारखान्यात नोकरी केलेल्यांची भविष्यनिर्वाह निधीची पेन्शन असेल, तर त्यांना नोव्हेंबरचं बंधन नाही. वर्षात कधीही दाखला द्या, तो त्या दिवसापासून एक वर्ष चालतो. त्यांनी मागच्या दाखल्याची तारीख लिहून ठेवावी, नाहीतर शेजारच्या काकूंबरोबर नोव्हेंबरची वाट पाहत बसाल आणि पेन्शन जूनमध्येच थांबेल.

आमच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर पीपीओ क्रमांक, खाते क्रमांक (आणि त्याखाली लाल शाईत ‘ग्राहक क्रमांक नव्हे’), पेन्शनचा प्रकार, या वर्षीचा प्रमाण आयडी, आणि शाखेने सांगितलेली नोंदीची तारीख, एवढंच आहे. तो सासूबाईंच्या अक्षरात आहे. यंदा त्या 80 पूर्ण झाल्या, म्हणून ऑक्टोबरमध्येच दाखला दिला. ही अष्टाह्निका त्यांची पूजेतच जाणार आहे, बँकेत नाही.

ज्यांच्याकडे अजून राहिला असेल त्यांनी या आठवड्यात उरकून घ्या. कोणाला चेहऱ्याचा दाखला काढायला जमत नसेल तर रविवारी स्वाध्यायानंतर पीपीओ, पासबुक, आधार आणि आधारला जोडलेला फोन घेऊन या, आणि दाखला ज्यांचा काढायचा त्यांनाही सोबत आणा. बस्तीच्या ओसरीवर उजेड छान असतो.

जय जिनेंद्र.